मामंजींचा रेडिओ आणि छतातले दिवे

अगं, रेडिओ बिघडलेला नाही. मामंजींना आधी तेवढं सांग, नाहीतर ते दुरुस्तीवाल्याकडे निघतील. छतात नवे एलईडी पॅनल बसले आणि पुणे केंद्रावर, म्हणजे ७९२ किलोहर्ट्झवर, घरघर सुरू झाली, तर संशय दिव्यांवरच घ्यायचा. पॅनलसोबत छोटी डबी येते ना, ड्रायव्हर म्हणतात ती, ती वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते. स्वस्तातल्या डबीत त्याचा गोंगाट अडवणारा फिल्टर नसतो. मग तो तारांत उतरतो आणि घरभरची वायरिंग त्याची एरियल होते.

पण आधी खात्री कर. रेडिओ सेलवर लाव, दोन स्टेशनांच्या मध्ये ठेव आणि मेन बंद कर. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद, नाहीतर दिवे चालूच राहतील आणि फसशील. घरघर थांबली तर उगम घरातच आहे. मग मेन लावून एकेक एमसीबी आणि त्यानंतर एकेक दिवा चालू करत जा. कोणत्या दिव्याला आवाज उसळतो ते कळेलच.

आता तो गोंगाट अडवणाऱ्या रिंगबद्दल. वायरवर चिमट्यासारखी बसणारी मिळते, ती एकदा अडकवून मीडियम वेव्हवर फारसं काही होत नाही. फेराइटची मोठी रिंग आण आणि तिच्यातून वायरचे आठ-दहा वेढे घे. अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणून दहा वेढे एकापेक्षा साधारण शंभरपट काम करतात. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र, एकाच दिशेने गुंडाळायच्या. एकटी फेज नको. रिंग डबीला अगदी चिकटून हवी, कारण मधे उरलेली तार गोंगाट पसरवतच राहते. डबीतून पॅनलकडे जाणाऱ्या जोडीलाही तशीच दुसरी रिंग लागेल. जुन्या कॉम्प्युटरच्या सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग काढून देतो म्हणेल कुणी, घेऊ नकोस. ती बहुधा लोखंडाच्या भुकटीची असते, इथे कमी पडते. आणि हे काम मेन बंद करून वायरमनकडूनच करून घे.

स्वयंपाकघरातल्या पिन होल्डरच्या बल्बला वेढे द्यायला तारच नाही. तिथे रिंगच्या नादी न लागता दुसऱ्या बनावटीचा बल्ब लावून बघ.

एवढं करूनही मेन बंद असताना घरघर उरली, तर ती बाहेरून येते. रेडिओ आडवा ठेवून हळूहळू फिरव. आतल्या फेराइटच्या दांड्याचं टोक उगमाकडे झालं की आवाज सर्वात कमी होतो. बहुतेक छोट्या रेडिओंत तो दांडा लांबीलाच बसवलेला असतो. पण दोन्ही टोकं सारखीच, म्हणून घराच्या दुसऱ्या कोपऱ्यातूनही बघ. दोन्ही वेळच्या दांड्याच्या रेषा जिथे मिळतील तिकडे शोध. जिन्यातल्या दिव्याकडे निघाल्या तर सोसायटीच्या सेक्रेटरींना सेलवरचा रेडिओ घेऊनच भेट, म्हणजे दिवा लावून-विझवून त्यांच्या कानावरच घालता येईल.