फ्रीजचे नऊ हप्ते आणि रोखीचा भाव

दुकानात शिरताना आपण एक चूक करतो. विक्रेता विचारतो, "कॅश की ईएमआय?" आणि आपण भाव ठरण्याआधीच उत्तर देऊन टाकतो. हप्त्यांवर घेणार म्हटलं की भाव पाटीवर लिहिलेलाच राहतो.

एक हिशोब मांडून बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण बाजारात दिसतात तसेच. फ्रीजवर भाव लावलाय ३६,००० रुपये. पाटी सांगते, 'नो कॉस्ट ईएमआय, ९ महिने, दरमहा फक्त ४,०००'. नऊ चोक छत्तीस, म्हणजे व्याज कुठंच दिसत नाही. तोच फ्रीज रोख घेतो म्हटल्यावर, थोडी घासाघीस करून, ३३,५०० ला मिळतो.

हे अडीच हजार जातात कुठे? बँक फुकट पैसे देत नाही. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर ती १६ टक्के दर लावते असं धरा. दरमहा ४,००० चे नऊ हप्ते मिळणार असतील, तर त्या दराने बँक आज साधारण ३३,७१३ रुपयेच देईल. उरलेले २,२८७ हे व्याज. ते उत्पादक कंपनी किंवा दुकानदार सोसतो आणि बिलात 'नो कॉस्ट ईएमआय डिस्काउंट' म्हणून दाखवतो. रोख गिऱ्हाइकाला मिळणारी सूट बहुधा याच खिशातून निघते. खिसा एकदाच रिकामा होतो: एक तर तुमच्यासाठी, नाही तर बँकेसाठी.

रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. त्यानंतर पाटीवरचे शब्द बदलले, एवढंच.

आता बारीक अक्षरातला खर्च. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. व्याजाची रक्कम सुटीतून भरून निघते, त्यावरचा कर मात्र तुमच्याच स्टेटमेंटवर येतो: नऊ हप्त्यांत मिळून ४१२ रुपये. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासह २३५. म्हणजे फ्रीज पडला ३६,६४७ ला. रोखीच्या भावापेक्षा ३,१४७ जास्त.

साडेतेहेतीस हजारांवर तीन हजार म्हणजे नऊ-साडेनऊ टक्के, फार नाही, असं वाटेल. इथेच फसगत होते. सगळे पैसे नऊ महिने तुमच्याकडे नसतात. पहिल्या महिन्यापासून ते परत जायला लागतात. सरासरी काढली तर ३३,५०० चे पाच भागिले नऊ, म्हणजे सुमारे १८,६०० रुपयेच तुम्ही नऊ महिने वापरता. त्यावर ३,१४७ म्हणजे वर्षाला २२ टक्क्यांच्या आसपास. पगारदार माणसाला वैयक्तिक कर्ज अनेकदा याहून स्वस्त मिळतं.

कार्ड नसेल तर दुकानातल्या टेबलावर बसलेला फायनान्स कंपनीचा माणूस कर्ज करून देतो. तिथे व्याजावर जीएसटी नाही, पण फी असते आणि एक-दोन हप्ते आगाऊ घेतात. आगाऊ दिलेले ८,००० वापरायला मिळतच नाहीत, त्यामुळे गेलेली सूट आणखी महाग पडते. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर झालेल्या अशा कर्जांसोबत एक मुख्य माहितीपत्रक द्यावं लागतं, त्यात वार्षिक दर लिहिलेला असतो. तो जरूर वाचा. पण दुकानात न मिळालेली सूट त्या आकड्यात येत नाही, कारण कर्ज देणाऱ्याच्या लेखी फ्रीजची किंमत ३६,००० च असते. हा हिशोब आपला आपणच करायचा.

त्यासाठी हप्त्यांचा विषयच आधी काढू नका. "रोख देतोय, शेवटचा भाव बोला," असं म्हणा आणि आकडा कागदावर लिहून घ्या. दुसऱ्या दुकानातही हेच करा. मग विचारा, "याच भावावर हप्ते करून द्याल का?" बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "नाही साहेब, त्यावर स्कीम बसत नाही." त्या वाक्यातच ईएमआयची किंमत आली. ऑनलाइन घेताना पूर्ण रक्कम एकदम भरल्यावर आणि नो कॉस्ट हप्ते निवडल्यावर कार्डाची सूट सारखीच राहते का, हे शेवटच्या पानावर दोन्ही पर्याय दाबून बघा.

कधी कधी दुकानदार रोखीलाही एक रुपया कमी करत नाही. नव्या मॉडेलवर असं होतं. तेव्हा तुमचा जादा खर्च फक्त कर आणि फी, ६४७ रुपये. वर्षाला सव्वाचार-साडेचार टक्के. असे हप्ते खुशाल घ्या, मात्र वेळेवर भरा. आणि फ्रीज परत करायची शंका असेल तर आधी विचारा: विक्री रद्द झाली तरी कापलेली फी आणि कर बँक सहसा परत देत नाही.