वर्णक्रमातील शब्द

इंग्रजीतील शब्दकोड्यांत एक जुने बंधन वारंवार आढळते: असा शब्द शोधा, की ज्याची अक्षरे डावीकडून उजवीकडे वाचत गेल्यास ती वर्णमालेच्या क्रमानेच येतात. ‘ऑलमोस्ट’ हा शब्द ए, एल, एम, ओ, एस, टी या सहा अक्षरांनी लिहितात आणि त्यात कोठेही मागे वळावे लागत नाही. ‘बिलोवी’ हा त्याहून एका अक्षराने मोठा. त्यात एल दोनदा येतो, पण पुनरावृत्ती म्हणजे पीछेहाट नव्हे, म्हणून तोही ग्राह्य धरतात. संख्यावाचक शब्दांत तर इंग्रजीत हे भाग्य केवळ एकाच शब्दाला लाभले आहे. तो शब्द म्हणजे ‘फॉर्टी’, अर्थात चाळीस. मराठीतल्या ‘चाळीस’चे काय होते ते पुढे पाहू, ते पाहण्याजोगे आहे.

रोमन लिपीत हे कोडे सरळ असते, कारण तेथे स्वर आणि व्यंजने एकाच ओळीत मिसळून उभी आहेत. मराठीत मात्र आधी नियम ठरवावा लागतो. आपल्या वर्णमालेत सगळे स्वर आरंभी येतात आणि व्यंजने त्यांच्यानंतर. ‘कमळ’ हा शब्द व्याकरणाच्या रीतीने सुटा केला, तर क्, अ, म्, अ, ळ्, अ असे वर्ण मिळतात आणि क् नंतर लगेच अ आल्यामुळे दुसऱ्याच पावलावर क्रम मोडतो. हा कडक नियम लावला तर ‘आई’सारखे निव्वळ स्वरांचे दोनचार शब्द उरतील आणि कोड्यात काही राम राहणार नाही. म्हणून येथे स्वर आणि मात्रा अजिबात मोजायच्या नाहीत, केवळ व्यंजने मोजायची, असे आपण ठरवू. जोडाक्षर असेल तर ते फोडून त्यातील व्यंजने उच्चाराच्या क्रमाने घ्यायची. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर लिहिला जात असला, तरी त्यातला र आधी मोजायचा. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शाळेच्या तक्त्यात सर्वांत शेवटी असले, तरी ती जोडाक्षरेच होत.

आता व्यंजने क पासून म पर्यंत पंचवीस, पुढे य, र, ल, व, श, ष, स, ह आणि अखेरीस ळ, एकूण ३४. हा क्रम रोमन वर्णमालेसारखा केवळ रूढीने आलेला नाही. पहिले पाच वर्ग कंठापासून ओठांपर्यंत चालत जातात: कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. त्यामुळे क्रमात बसणारा शब्द उच्चारताना तोंडाच्या आतून बाहेर येतो. ‘खडतर’ हा शब्द सावकाश म्हणून पाहावा. ख घशाशी, ड टाळूच्या वरच्या भागाशी, त दातांशी. मग र येतो. तेथे ही चाल संपते, कारण य, र, ल, व हा गट पुन्हा तालूपासून निघतो. पहिल्या तीन अक्षरांपुरते तरी जीभच आपल्याला उत्तर सांगते.

याच रचनेतून एक अडचणही उद्भवते. प्रत्येक वर्गात अनुनासिक शेवटी येते: ङ, ञ, ण, न, म. अनुस्वाराचा उच्चार पुढच्या व्यंजनाच्या वर्गातील अनुनासिकासारखा होतो. म्हणजे ‘गंधर्व’ हा शब्द ग, न, ध, र, व असा फोडला, तर न नंतर ध आल्याने तो बाद ठरतो. हे एखाददुसऱ्या शब्दाचे दुर्दैव नाही. अनुस्वारापुढे पाच वर्गांपैकी कोणतेही स्पर्श व्यंजन असले की असेच व्हायचे, कारण आपल्या वर्गाच्या शेवटी बसलेले अनुनासिक त्या वर्गातल्या इतर कोणाच्याही अलीकडे येऊच शकत नाही. म्हणून बहुतेकांना सोयीचे असे ठरवावे, की अनुस्वार हे चिन्ह आहे, व्यंजन नव्हे, आणि तो सोडून द्यावा. मग ‘गंधर्व’ ग, ध, र, व असा सुखाने बसतो. कोडे घालणाऱ्याने हा निर्णय आधी जाहीर केला नाही, तर पुढे वाद ठरलेला.

एवढे नियम हाती घेऊन एक प्रत्यक्ष उदाहरण तपासू. त्यासाठी इटारसीहून जबलपूरमार्गे सतन्याकडे जाणारा लोहमार्ग घेऊ. मुंबईकडून आलेली आणि कलकत्त्याकडून आलेली रेल्वे १८७० मध्ये जबलपूरला एकमेकींस मिळाल्या, तोच हा मार्ग. त्यावरील तेरा ठळक स्थानके क्रमाने अशी: इटारसी, सोहागपूर, पिपरिया, बनखेडी, गाडरवारा, करेली, नरसिंहपूर, श्रीधाम, जबलपूर, सिहोरा, कटनी, मैहर आणि सतना.

तपासण्याची रीत अशी, की पहिल्या व्यंजनावर बोट ठेवून पुढे सरकावे आणि जेथे प्रथम मागे यावे लागते तेथे थांबावे. इटारसीत ट, र, स, उत्तीर्ण. सोहागपुरात स, ह झाल्यावर ग येतो; बाद. पिपरियात प दोनदा, मग र, आणि शेवटी य. येथे पुष्कळांची फसगत होते, कारण ‘य, र, ल, व’ पाठ असूनही र नंतर य म्हणजे मागे जाणे हे कानाला खटकत नाही. गाडरवारा हे नाव ग, ड, र, व असे चार पावले नेटाने चालून पाचव्या पावलावर र पाशी कोसळते. करेली मात्र क, र, ल अशी निर्वेध आहे आणि कटनी क, ट, न अशी. सिहोरा आणि मैहर ह पर्यंत पोहोचून र वर परततात. सतन्याला आरंभापासूनच आशा नव्हती. स ने सुरुवात केली की पुढे जागा उरते ती फक्त ह आणि ळ यांची. तेरांपैकी तीन नावे टिकली आणि तिघांतही तीनच व्यंजने आहेत.

जबलपुराचे काय झाले ते मुद्दाम वेगळे पाहावे. ज, ब, ल इथवर सारे सुरळीत आहे. प आला आणि क्रम मोडला. नरसिंहपुराची गत तीच: न, र, स, ह अशी चार व्यंजने ओळीने लागून पाचवा प आडवा येतो. दोष ‘पूर’ या पदाचा आहे असे वाटते, परंतु तसे नाही. प, र हा क्रम स्वतः चढताच आहे. अट एवढीच, की आधीच्या पदाने प ओलांडलेला नसावा. ‘कान’ या पदातील न प च्या अलीकडे थांबतो, म्हणून कानपूर बसते. ‘जबल’ मधला ब आधीच पुढे निघून गेलेला असतो. याउलट ‘नगर’, ‘बाद’ आणि ‘वाडी’ ही पदे मुळातच उतरती आहेत. न नंतर ग, ब नंतर द, व नंतर ड. त्यांनी संपणारे एकही गावाचे नाव या कोड्यात कधी बसणार नाही, मग पुढचा भाग काहीही असो. म्हणून नावांची लांबलचक यादी हाती आली, तर अशी शेवटपदे आधी वगळावीत. अर्धे काम तेथेच उरकते.

शोधण्याऐवजी शब्द बांधत जाणे अधिक फलदायी ठरते आणि तेथे मराठीला एक लाभ आहे. ळ हे अखेरचे व्यंजन. जो चढता शब्द ळ वर संपतो त्याला शेवटी अडथळाच नसतो: कमळ, काजळ, चपळ, गढूळ, केवळ, जवळ. चार व्यंजनांचे शब्द हवे असतील तर गणवेश, चपराशी, कडबोळी, खानावळ असे घरगुती शब्द सापडतात. कडुनिंब बसतो, पण त्याच झाडाचे दुसरे नाव कडुलिंब बसत नाही. ल नंतर ब येतो. पाच व्यंजनांचे शब्द विरळ आहेत, आणि ते तसे असणे साहजिक आहे. तीन वेगवेगळी व्यंजने सहा प्रकारे मांडता येतात, चार चोवीस प्रकारे, पाच एकशेवीस प्रकारे, आणि दर वेळी चढती मांडणी एकच असते. तरीही सोनाराच्या दुकानात असा एक शब्द रोज उच्चारला जातो: घडणावळ. घ, ड, ण, व, ळ.

शब्दकोश संगणकावर असेल तर हे काम क्षणात होते, मात्र नियम आपणच सांगावा लागतो. पायथन भाषेत तो असा लिहिता येईल:

```
krama = "कखगघङचछजझञटठडढणतथदधनपफबभमयरलवशषसहळ"

def chadhta(shabda):
    shabda = shabda.replace("ऱ", "र")
    k = [krama.index(a) for a in shabda if a in krama]
    return k == sorted(k)
```

पहिली ओळ अनावश्यक वाटेल. संगणकाला अक्षरांचा क्रम ठाऊक असतोच, मग तो पुन्हा लिहून का द्यायचा? कारण त्याचा क्रम आपला नव्हे. युनिकोड या संकेतप्रणालीत देवनागरी अक्षरांना जे क्रमांक दिले आहेत, त्यांत ळ हा ल च्या लगेच नंतर आणि व च्या आधी बसवला आहे. अनेक भारतीय भाषांसाठी एकच मांडणी करताना तो तेथे गेला. त्या क्रमांकांवर विसंबून यादी काढली, तर जवळ, केवळ, खानावळ आणि घडणावळ हे चारही शब्द गळतात, कारण त्यांत व नंतर ळ आहे. आणि कळस हा शब्द, ज्यात ळ नंतर स येतो, तो आत शिरतो. यादीत कळस आहे पण जवळ नाही, असे दिसले की क्रम कोणाचा वापरला गेला ते ओळखावे.

चौथ्या ओळीतील बदलही असाच आहे. ‘किनाऱ्या’मधील र टंकलिखित करताना पुष्कळदा निराळ्या क्रमांकाचे अक्षर वापरले जाते. ते आपल्या ३४ व्यंजनांत नसल्यामुळे संगणक ते वगळतो आणि क, न, य एवढेच पाहून शब्द उत्तीर्ण करतो. वास्तविक र नंतर य आल्याने तो बाद व्हायला हवा.

राहता राहिला ‘चाळीस’. च, ळ, स. संगणकाच्या अंगभूत क्रमाने पाहिल्यास तो बसतो आणि इंग्रजीतील ‘फॉर्टी’शी त्याची चमत्कारिक जोडी जमते. शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेने पाहिल्यास ळ नंतर काहीच येऊ शकत नाही, तेव्हा चाळीस बाद. तो बाद झाल्याने संख्यांची फारशी हानी होत नाही: दोन, तीन, चार, सहा, दहा, वीस, तीस आणि कोटी हे सारे आपल्या क्रमात बसतात, जरी त्यांपैकी प्रत्येकात व्यंजने दोनच असल्यामुळे त्याचे कौतुक बेताचेच करावे.