फवारणीनंतरची विषबाधा

2017 च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारणारे वीसहून अधिक शेतकरी व मजूर विषबाधेने दगावले. फॉस्फरसयुक्त कीटकनाशके त्वचेतूनही शरीरात शिरतात आणि मज्जातंतूंचा संदेश थांबविणारे विकर निकामी करतात. मग ग्रंथी अखंड स्रवत राहतात. डोके दुखते, दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, छातीत स्राव साठून धाप लागते. ऊन लागल्यानेही घाम व उलटी होते. परंतु लाळ गळणे व डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे ही विषाची खूण होय. ती न दिसली तरी निर्धास्त राहू नये.

रोग्यास मोकळ्या हवेत न्यावे. भिजलेले कपडे उतरवून अंग व केस साबणाने धुवावेत. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. उलटी करवू नये. शुद्ध हरपल्यास कुशीवर निजवावे. औषधाचा डबा सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे ॲट्रोपीन टोचून छातीतील स्राव आटोक्यात आणतात.