आजोबांनी पाठवलेला उतारा गेला कुठे?

प्रश्न : माझे आजोबा वसईजवळ निर्मळला राहतात. आमच्या वाडीचा जुना, हाताने लिहिलेला सातबारा आणि त्याचा फेरफार त्यांनी मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपून मला व्हॉट्सॲपवर पाठवला. माझी तेव्हा परीक्षा चालू होती. लॅपटॉपवर ‘फोनवर उघडा’ एवढंच दिसलं, म्हणून राहून गेलं. अठरा दिवसांनी बघतो तर फोटो उघडेना. आजोबांच्या फोनवरही उघडत नाही. मूळ कागद चुलतकाका परत घेऊन गेले आणि आता ते दाखवायला तयार नाहीत. फोटो परत मिळेल का?
— एक नातू, कॅनडा

उत्तर : तो फोटो व्हॉट्सॲपवरून आता मिळणार नाही. फोनदुरुस्तीच्या दुकानात त्यासाठी पैसे घालवू नका. पण आजोबांनी जे दाखवायला धडपड केली, ती नोंद शाबूत आहे.

आधी फोटोचं सांगतो. फोटो पाठवताना खाली मजकूर लिहायची पट्टी येते, तिच्या कडेला गोलात ‘1’ असा आकडा असतो. त्याला बोट लागलं की फोटो ‘एकदाच पाहा’ या प्रकारात जातो. असा फोटो पाठवणाऱ्यालाही पुन्हा उघडता येत नाही, घेणाऱ्याच्या गॅलरीत उतरत नाही, लॅपटॉपवर दिसत नाही. आणि पाठवल्यापासून 14 दिवसांत उघडला नाही, तर न पाहताच बाद होतो. लॅपटॉपवरची सूचना, अठरा दिवस आणि दोन्ही फोनवर न उघडणं, या तिन्ही खुणा इथे जुळतात. आजोबांच्या फोनच्या गॅलरीत मात्र एकदा बघायला सांगा. फोटो आधी फोनच्या कॅमेऱ्याने काढून मग पाठवला असेल, तर मूळ प्रत तिथे असू शकते. व्हॉट्सॲपमधल्याच कॅमेऱ्याने काढला असेल, तर आशा धरू नका.

असाच दिसणारा दुसरा प्रकारही असतो. फोटोची धूसर चौकट दिसते, पण उतरवून घेता येत नाही. तिथे फोटो फक्त तुमच्याकडे पोचलेला नसतो. पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये तो असतो, पुन्हा पाठवला की काम झालं.

आता नोंदीकडे. आजचा सातबारा bhulekh.mahabhumi.gov.in वर पाहता येतो. जिल्हा पालघर, तालुका वसई, मग गाव निवडायचं. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला, त्यामुळे आजोबांच्या कागदावर ‘जिल्हा ठाणे’ असेल. त्याने गोंधळू नका, गाव तेच आहे. सर्व्हे नंबर आणि हिस्सा आठवत नसेल तर नावाने शोधता येतं. शेतसाऱ्याची एखादी पावती घरात पडलेली असेल, तर तिच्यावरचा खाते क्रमांकही उपयोगी पडतो. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो.

पण तुम्हाला हवं ते यात पूर्ण मिळणार नाही. आजचा सातबारा आजचे खातेदार सांगतो. वाडी कुणाकडून कुणाकडे कशी आली, हे फेरफारात, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये असतं. वारस नोंद, वाटणी, खरेदी आणि कूळकायद्याने मिळालेली जमीन, सगळं तिथे. कुळं 1 एप्रिल 1957 पासून जमिनीची मालक मानली गेली, म्हणून त्या सुमाराचे फेरफार आपल्या भागात फार महत्त्वाचे ठरतात. सातबारावर खातेदाराच्या नावापुढे आणि इतर हक्कांच्या रकान्यात फेरफाराचे क्रमांक असतात. ते क्रमांक, सगळ्यात जुनासुद्धा, वहीत उतरवून घ्या.

मग आजोबांनी वसईच्या तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षात गाव, सर्व्हे नंबर आणि फेरफार क्रमांक लिहून नकलेसाठी अर्ज करायचा. काकांच्या कागदाची किंवा परवानगीची त्याला गरज नाही. सरकारी शिक्क्याची नक्कल हातात आली, की काकांच्या कपाटातल्या कागदापेक्षा तिचं वजन जास्त. जुनी पानं फाटकी असतात, कधी क्रमांकाची जोड लागत नाही. अशा वेळी त्याच सर्व्हे नंबरचे जुने, हाताने लिहिलेले सातबारे मागायचे आणि एकेक फेरफार मागे जात धरायचा.

नक्कल मिळाली की आजोबांना एवढं सांगा : कागद टेबलावर सपाट ठेवा, दिवसाच्या उजेडात एकेका पानाचा फोटो काढा, तो मोठा करून आकडे स्वतः वाचून बघा. मग फोटो म्हणून न पाठवता पिनेच्या चिन्हातून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवताना दाबून लहान होतो आणि तलाठ्याच्या बारीक अक्षरातला 3 आणि 8 सारखाच दिसू लागतो. पाठवून झाल्यावर आजोबांनी लगेच तुम्हाला फोन करावा, आणि तुम्ही ती फाइल उतरवून घेईपर्यंत फोन ठेवू नये.