सातबाऱ्यावर नाव आलं म्हणजे मालक झालो का?

गोदामासाठी जमीन घेताय आणि सातबाऱ्यावर विकणाऱ्याचं एकट्याचं नाव आहे? लगेच इसार देऊ नका.

समजा, जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली. मृत्युपत्र न करता ते वारले. मागे फक्त एक मुलगा, एक मुलगी. मुलाने वारस फेरफारात स्वतःचंच नाव लावलं. तरी हिंदू वारसा कायद्याने निम्मा हिस्सा बहिणीचाच. तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलं नसेल, तर भाऊ फक्त आपला निम्मा हिस्सा विकू शकतो.

फेरफाराची नोंद खरी धरतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकी येते ती खरेदीखत, बक्षीसपत्र किंवा वारसा यांतून.

म्हणून सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक बघून त्याचा उतारा काढा. नोंद कशाच्या आधारे झाली ते वाचा. वारस नोंद असेल, तर बहिणी किती, हे गावात विचारा.