जाताना दुखतं, येताना नाही

पोलादपूर तालुक्यात शेतीच्या कामाने फिरणाऱ्याला सपाट वाट फारशी मिळत नाही. कापडे, साखर, उमरठ या बाजूला डांबरी रस्ता सोडला की एक तर खाचरांचे निसरडे बांध, नाही तर वरकस उतारावरून आडवी गेलेली पायवाट. कृषी सहायकाचा पाय अशा ठिकाणी मुरगळला यात सांगण्यासारखं काही नाही. माझा उजवा पाय मुरगळला, सुजला, निळा पडला. घरात आंबेहळदीचा लेप झाला, क्रेप बँडेज झालं. सूज उतरली, लंगडणं थांबलं. बँडेज कपाटात गेलं आणि मी बांधावर.

पण घोट्याच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक दुखणं मागे राहिलं. पाय गोल फिरवला की तिथे कट् असा आवाज यायचा. मधूनमधून तो पाय पुन्हा लचकायचा, पुन्हा लेप, पुन्हा बँडेज. शेजारच्या काकांनी सुचवलं म्हणून पाय बसवून देणाऱ्या एका माणसाकडेही जाऊन आलो. त्यांनी तेल लावून घोटा हिसडला, कट् वाजलं, आणि "बसली बघा शीर" म्हणाले. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी जास्त दुखलं.

खरा धागा लागला तो वाटेवरच. एका वाडीकडे जाताना डोंगर डाव्या हाताला असायचा, येताना उजव्या. जाताना उजवा पाय ठणकायचा, परत येताना त्याच वाटेवर जवळजवळ काही नाही. महाडच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना हे सहज सांगितलं, तर त्या एकदम सावध झाल्या. "सर, डोंगर डावीकडे असताना उजवा पाय दरीच्या बाजूला येतो. जमिनीला टेकायचं तर त्याला तळवा आत वळवावा लागतो. तो जास्त वळू नये म्हणून बाहेरून कोण धरून ठेवतं, ते तपासू या."

धरून ठेवणारे असतात पेरोनिअल स्नायू. पोटरीच्या बाहेरच्या बाजूने ते खाली येतात आणि त्यांच्या दोन कंडरा घोट्याच्या बाहेरच्या हाडामागून, विहिरीच्या रहाटावरून दोर वळावा तशा, वळून पुढे जातात. आखूड कंडरा पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या मागच्या लांब हाडाच्या बुडाला चिकटते. लांब कंडरा तळव्याखालून तिरकी जाऊन थेट अंगठ्याच्या बाजूला पोचते. हाडामागे दोघींना एक उथळ खोबण असते, आणि त्या बाहेर पडू नयेत म्हणून वरून एक पट्टा असतो. पाय आत मुरगळतो त्या क्षणी हे स्नायू पाय सावरायला जोरात आखडतात. ताण लिगामेंटवर येतो तसा यांच्यावरही येतो. पुढे लिगामेंट सैल राहिलं तर घोटा सांभाळायचं जादा काम यांच्याच माथी बसतं. लिगामेंट भरून येतं, पण कंडरा चिडलेली राहते, आणि आपण मात्र "जुनी लचक आहे" असं म्हणत राहतो.

दोघांमधला फरक बराचसा बोटानेच कळतो. लिगामेंटचं दुखणं घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या पुढे आणि खाली, साधारण बोटभर खळगीत सापडतं. कंडरेचं दुखणं त्याच हाडाच्या मागे असतं आणि कडेने खाली करंगळीच्या दिशेने उतरत जातं. माझं बोट मागच्या कडेवर पडलं तेव्हा मी हात मागे ओढला, पुढच्या खळगीत मात्र काहीच नव्हतं. मग मॅडमनी पावलाच्या बाहेरच्या कडेवर हात ठेवला आणि तो बाहेर ढकलायला सांगितलं. नेमकी तीच कळ उठली, शिवाय डाव्या पायाइतका जोर लागत नव्हता. दोन्ही खुणा एकत्र आल्या की संशय कंडरेवर जातो.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण लोक घाबरतात ते त्यालाच. नुसता आवाज, दुखणं नाही, सूज नाही, पाय दगा देत नाही, तर तो पुष्कळ निरोगी घोट्यांतही येतो. काळजीचा आवाज वेगळा. खुर्चीत बसून पाय लोंबता ठेवा, हाडाच्या मागच्या कडेवर दोन बोटं हलकी टेकवा, पाऊल वर उचलून बाहेर वळवा आणि हळू गोल फिरवा. दोरीसारखं काही हाडावरून पुढे उडी मारतंय असं बोटाला लागलं, किंवा डोळ्यांना दिसलं, तर वरचा पट्टा फाटलेला किंवा सैल झालेला असू शकतो. अशी कंडरा व्यायामाने सहसा जागेवर राहत नाही. पट्टा नीट शिवण्याची, कधी खोबण खोल करण्याची शस्त्रक्रिया लागते, म्हणून आधी अस्थिरोगतज्ज्ञ. काही वेळा कंडरा बाहेर पडत नाहीत, खोबणीतच एकमेकींवरून सरकतात आणि आवाज होतो. हे वरून कळत नाही, पाय हलवत ठेवून केलेल्या सोनोग्राफीत दिसतं. साध्या एक्स-रेमध्ये कंडरा दिसत नाही, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल" म्हणजे काहीच नाही, असं नव्हे.

माझ्या सोनोग्राफीत कंडरा जागेवर होत्या. आखूड कंडरा जाड झालेली आणि आवरणात पाणी. फाटलेली नव्हती. डॉक्टरांनी व्यायामावर सोडलं आणि दोन गोष्टी बंद करायला लावल्या. पहिली, हिसडून घेणं आणि आवाज काढून दाखवणं. प्रत्येक पाहुण्याला मी ते कौतुकाने दाखवत असे. दर वेळी चिडलेली कंडरा त्याच हाडावर घासत होती. दुसरी, पाय आतल्या बाजूला ओढून ताणणं. दुखतंय तिथे ताण दिला की मोकळं होईल असं वाटतं, पण या कंडरेचं दुखणं हाडावर दाबलं जाण्याचं आहे, आणि ताणताना ती तिथेच आणखी दाबली जाते. खोल उकिडवं बसल्यावरही घोटा पूर्ण वाकतो आणि हाच दाब येतो. म्हणून पहिले काही आठवडे उकिडवं बसताना टाचेखाली जाड फळीचा तुकडा ठेवायचा. त्या ठिकाणी स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यायची घाई करू नये हेही डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं. त्याने कंडरा कमकुवत होऊन तुटण्याचा धोका असतो.

पूर्ण विश्रांती मात्र दिली नाही. कंडरेला काम दिलं नाही तर ती आणखी दुबळी होते, मग पहिल्याच बांधावर पुन्हा तेच. आडवे उतार थोडे दिवस टाळले, कामावर जाताना लेसचा घोटापट्टा बांधला, आणि सुरुवात अगदी न हलणाऱ्या व्यायामाने झाली. खुर्चीत बसायचं, पावलाची बाहेरची कड भिंतीला लावायची, भिंत सरकवायचीय अशा बेताने बाहेर दाबायचं. ३० सेकंद दाब, मिनिटभर आराम, असं पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. हालचाल नसल्याने घासणं नाही, आणि चिडलेल्या कंडरेला हे सहन होतं.

ते सोपं वाटू लागल्यावर रबरी पट्टा आला. रेझिस्टन्स बँड विकत मिळतो. मी सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापली, एक टोक पलंगाच्या पायाला, दुसरं पावलाच्या पुढच्या भागाला. टाच जमिनीवर, पाऊल तीन सेकंदांत बाहेर, तीन सेकंदांत परत. १५ वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. परत येताना ट्यूबने पाय खेचू द्यायचा नाही, कारण बांधावर पाय सावरायचा तो नेमका याच सावकाश परतीच्या जोरावर. सुरुवातीला पाऊल सरळ झालं की थांबायचं, आत जाऊ द्यायचं नाही. यात सगळेजण एक लबाडी करतात, मीही करत होतो. पाऊल न वळवता गुडघा बाहेर फेकतात. गुडघ्यावर हात ठेवला की ही लबाडी लगेच पकडता येते.

पुढचा टप्पा उभ्याने. भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या, आधी दोन्ही पायांवर, मग एकावर. वर गेल्यावर वजन करंगळीकडे घसरतं. ते अंगठ्याच्या बुडावर आणायचं, कारण लांब कंडरा तोच भाग जमिनीला दाबून धरते. बरोबर एका पायावर उभं राहणं, दात घासताना. मग जागच्या जागी बाजूला छोट्या उड्या, आणि आडवे उतार सगळ्यांत शेवटी, तेही दुखरा पाय डोंगराच्या बाजूला राहील अशी वाट निवडून.

किती दुखलं तर चालेल? दहापैकी तीनपर्यंत चालतं, पण खरा निकाल दुसऱ्या सकाळी. अंथरुणातून उठून टाकलेली पहिली पावलं आदल्या सकाळइतकीच दुखरी असतील तर व्यायाम योग्य होता, जास्त दुखरी असतील तर एक पायरी खाली यायचं. कंडरा हळू सुधारते. निदान तीन महिने धरून चालावं, जुनं दुखणं असेल तर अधिक. डाव्या पायावर जितक्या टाचा उचलता येतात तितक्या उजव्यावर आल्या, तेव्हा मॅडमनी रायगडाला परवानगी दिली. तीही अर्धीच. चित्त दरवाजाकडून पायऱ्यांनी चढायचं आणि हिरकणीवाडीला रोपवेने उतरायचं, कारण थकलेला पाय मुरगळतो तो उतरताना. नातेवाइकांनी चेष्टा केली. करू द्यावी.

काही खुणा दिसल्या तर या सगळ्याच्या आधी दवाखाना. मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, हाडावरच दाबल्यावर दुखत असेल, किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेचा मधला उंचवटा दुखत असेल तर एक्स-रे हवाच. आखूड कंडरा त्या उंचवट्याला ओढते आणि तिथलं हाड तुटू शकतं. अचानक फाटल्यासारखं वाटून पाय बाहेर ढकलायचा जोरच गेला, किंवा हाडामागची सूज आठवड्यांनंतरही तशीच राहिली, तर कंडरा फाटल्याची शक्यता तपासायला हवी. आणखी एक, आपल्या चपला पाहा. दोन्ही टाचा बाहेरच्या कडेला फार झिजत असतील आणि तळव्याची कमान उंच असेल, तर टाच मुळात आत झुकलेली असू शकते. अशा पायात या कंडरा दिवसभर ओढलेल्या राहतात, आणि बाहेरच्या कडेला थोडी उंच केलेली इनसोल घातल्याशिवाय नुसत्या व्यायामाने भागत नाही.

माझी चप्पल सरळ झिजते, त्यामुळे इनसोल लागली नाही. लावणीच्या दिवसांत घोटापट्टा बांधतो, ट्यूब आठवड्यातून दोनदा चालू आहे. त्या वाडीकडे जाताना पाय ठणकत नाही. कट् आवाज अजून कधीतरी येतो. मॅडमनी पुन्हा बोटं लावून पाहिलं, कंडरा जागेवर आहे, दुखत नाही, तेव्हा त्याच्या मागे लागायचं नाही असं ठरलं.