जनरेटर विकण्याआधी मीटर वाचा

दुकानात स्वतःचा सर्व्हर ठेवणं म्हणजे जनरेटर विकत घेणं. मार्चअखेरच्या किंवा दिवाळीच्या गर्दीचा हिशेब धरून तो मोठा घ्यावा लागतो आणि उरलेलं वर्ष त्याची बरीचशी ताकद पडून राहते. क्लाउड म्हणजे महावितरणचं कनेक्शन: वापराल तेवढं भरा. विक्रेते इथवर बरोबर सांगतात. पण घरातला दिवा मालवला की मीटर थांबतो, भाड्याचा सर्व्हर मात्र कोणी हात लावला नाही तरी चालूच राहतो. घाऊक औषधविक्रेत्याचं बिलिंग दिवसाला 10 तास, महिन्यात 26 दिवस चालतं असं धरू. गरज झाली 260 तासांची, आणि महिना असतो साधारण 730 तासांचा. सर्व्हर रात्रंदिवस चालू ठेवला तर पावणेतीन पटींहून जास्त तासांचे पैसे जातात. म्हणून पहिल्याच दिवशी तो आपोआप बंद-चालू होण्याचं वेळापत्रक लावून घ्यावं. बंद करण्यातही मेख आहे. अझूरवर विंडोजमधूनच ‘शट डाउन’ केलं तर पडद्यावर Stopped दिसतं, पण आकारणी सुरूच असते. पोर्टलवरून बंद करून Stopped (deallocated) दिसलं, की मगच ती थांबते. डिस्कचं भाडं त्यानंतरही लागतं. वीजबिलातला स्थिर आकारच म्हणा. खर्चाची मर्यादा ठरवून लावलेला अलर्टही एरवी फक्त ईमेल पाठवतो, सर्व्हर बंद करत नाही.

कोणी म्हणेल, एवढी राखण करायची तर स्वतःचं यंत्र काय वाईट? ज्याचं काम चोवीस तास एकाच भाराने चालतं आणि यंत्र सांभाळायला माणूस आहे, त्याला ते खरंच स्वस्त पडू शकतं; त्याने क्लाउडच्या मागे लागू नये. इंटरनेट गेलं तर काय, ही शंकाही रास्त आहे. काउंटरवरचं बिल दुकानातल्या संगणकावरच बनावं आणि लाइन आली की वर जावं, अशी सोय असलेलंच सॉफ्टवेअर निवडावं.

मला खरी काळजी वाटते ती विजेची उपमा लंगडी पडते तिथली. वीज कुठूनही आली तरी सारखीच. तुमच्या उधारीचं खातं मात्र एकच असतं. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं. ज्यांची बॅकअपची प्रतही त्याच आवारात होती, अशा काही ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. सर्व्हर भाड्याने घेतला म्हणजे बॅकअपही त्यात आला असं नसतं. तो वेगळा लावावा लागतो, त्याचे पैसे वेगळे पडतात आणि प्रत दुसऱ्या शहरात ठेवायला सांगावी लागते. शिवाय तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून जुनं एखादं बिल उघडून बघावं, आणि ते आपल्या हिशेबनिसाकडून करवून घ्यावं, पुरवठादाराकडून नव्हे.